शब्दचर्चा : 'तोंडातनं रक्त पडतंय', 'रक्ताची गुळणी', 'बेडक्यात रक्त' – डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

मृणाल : माझे सासरे कराडजवळच्या गावी असतात, वय ५८. आठवडाभर पडसं आणि त्यावर खोकला. परवा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडातनं रक्त पडतंय." नवऱ्याने दवाखान्यात फोन करून 'रक्ताची उलटी' असं सांगितलं. त्यामुळे तिकडून सगळे प्रश्न पोटाचे आले : दारू घेतात का, अंगदुखीच्या गोळ्या रोज खातात का, शौचाला काळी होते का. नंतर सासऱ्यांशी बोलले तर वेगळंच निघालं. सकाळी खोकल्यावर पिवळा चिकट बेडका पडला, त्यात लाल दोऱ्यासारखी रेघ होती. उलटी वगैरे काही नाही. तर या शब्दांमध्ये नेमका फरक काय? आणि सर्दीत अशी रेघ येणं कितपत साधं समजायचं?

शरद, विटा : आमच्याकडे याला सरळ रक्तपित्त म्हणतात. उष्णता वाढली की वरच्या वाटेने रक्त जातं. दूर्वांचा रस द्या, दोन दिवसांत थांबेल. लालभडक असेल तर छातीतलं आणि काळपट असेल तर पोटातलं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कुमुद (निवृत्त परिचारिका, छातीच्या वॉर्डात काम केलेलं) : शरदभाऊ, रंगाचं तुम्ही सांगता ते बरंचसं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. पोटातली रक्तवाहिनी जोरात वाहू लागली तर उलटीतही लालभडक रक्त येतं. आणि रक्तपित्त या शब्दात नाकातून, तोंडातून, खालच्या वाटेनेही जाणारं रक्त धरतात. डॉक्टरला तर हवं असतं नेमकं उलट, म्हणजे कुठून आलं ते. म्हणून मृणालताई, नाव सांगायच्या ऐवजी काय घडलं ते सांगावं : 'खोकला आला, बेडका पडला, त्यात रेघ होती.' मळमळून आलं, बरोबर अन्न होतं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं दिसलं तर ती उलटी. 'रक्ताची गुळणी' आम्ही तेव्हाच म्हणायचो जेव्हा कफ जवळजवळ नसायचा, तोंड भरून नुसतं रक्त यायचं. तो शब्द फोनवर ऐकला तर मी पेशंटला लगेच आणायला सांगेन.

आता रेघेचं. पडशानंतर श्वासनळीला सूज आली की आतलं अस्तर नाजूक होतं. जोराने खोकताना तिथली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि कफाच्या बाहेरून लाल धागा चिकटून येतो. तरुण माणूस, विडी-सिगारेट नाही, ताप उतरलेला, रेघ एक-दोनदा दिसली आणि खोकल्याबरोबर तीही कमी झाली, तर ते बहुधा तेवढंच असतं. सासरे विडी ओढतात का?

पंकज, नागपूर : आमच्याकडे बेडक्याला खकार म्हणतात. मला दर हिवाळ्यात असं होतं. सर्दीत नाक शिंकरून शिंकरून आतून सोलवटतं, रात्री रक्त मागून घशात उतरतं आणि सकाळी खकारात दिसतं. घोळणा फुटतो तोच प्रकार, फक्त पुढून न येता मागून. नाकात खोबरेल लावतो, बरं वाटतं. काकांचंही तेच असणार, टेन्शन नका घेऊ.

कुमुद : पंकज, तुमचं वर्णन अगदी खरं आहे, नाकातलं रक्त घशात उतरून फसवतं. ओळखायचं असं : न खोकता नुसतं घसा ओढून खाकरल्यावर रक्त आलं, शिंकरताना रुमालावर डाग दिसला, तर नाक. दात घासताना थुंकीत लाल दिसलं तर हिरड्या. पण खोलवरून खोकल्यावर बेडका आला आणि त्यात रेघ असली तर नाकावर ढकलून मोकळं होऊ नये. दुसऱ्याच्या नाकावरून काकांचं ठरवू नका.

मृणाल : विडी होती, चार वर्षांपूर्वी सोडली. नाकातून रक्त नाही. आणि आज सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या, लग्नाआधी सासऱ्यांना 'छातीचा आजार' झाला होता, बरीच महिने औषध चाललं. घरात यावर कधी कोणी बोललं नाही.

कुमुद : 'छातीचा आजार' म्हणजे बहुधा टीबीच. त्या काळी लोक नाव घेत नसत. हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. बरा झालेला टीबी फुप्फुसात व्रण ठेवून जातो, तिथल्या श्वासनळ्या रुंद आणि सैल राहतात. साध्या सर्दीने तिथे जंतुसंसर्ग झाला की त्याच जागेतून रक्त येतं. कधी टीबी पुन्हा उलटलेलाही असतो. शिवाय ५८ वय आणि जुनी विडी म्हणजे गाठ नाही ना, हेही बघायला हवं. म्हणून एकच रेघ असली तरी छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी करून घ्या. एरवी टीबीसाठी दोन आठवड्यांच्या खोकल्याची वाट पाहतात, पण बेडक्यात रक्त असेल तर ती मुदत धरत नाहीत. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

अनघा : इथे शब्दाचाच मुद्दा आहे. माझ्या आईला तपासणीची डबी देताना 'थुंकी आणा' म्हणाले. तिने खरोखर थुंकी आणली, फेसाळ पाणी. रिपोर्ट 'काही नाही'. पुढच्या वेळी लॅबमधल्या मुलाने सांगितलं, "आजी, सकाळी उठल्यावर चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग पोटातून खोका आणि बेडका डबीत पाडा." तेव्हा नीट नमुना मिळाला. कागदावर 'थुंकी' का लिहितात कळत नाही.

शरद, विटा : 'बेडका' अशिष्ट वाटतो म्हणून. शहरातली माणसं तोंडानेही म्हणत नाहीत. 'कफ' लिहा की.

अनघा : कफ म्हटलं की लोकांना छातीतला खोकलाच आठवतो, डबीत टाकायची वस्तू नाही. मला तर 'बेडका'च हवा.

रमेश, पुणे : माझ्या वडिलांना हृदयाला स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना सर्दीत रेघ आली तर गोळ्या बंद कराव्यात का?

कुमुद : स्वतःहून मुळीच बंद करू नका, स्टेंट बुजण्याचा धोका रेघेपेक्षा मोठा आहे. गोळ्यांमुळे साधी खरवडही जास्त दिसते, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

आणि सगळ्यांसाठीच : रक्ताच्या गुठळ्या, अर्धी वाटी किंवा त्याहून जास्त रक्त, धाप, चक्कर, अचानक छातीत कळ किंवा एका पोटरीला सूज, यातलं काही असेल तर उद्यावर न टाकता थेट हॉस्पिटल. १०८ ला फोन करा. तोवर माणसाला उताणं झोपवू नका. बसवा, किंवा कोणत्या बाजूच्या फुप्फुसातून येतं ते आधीपासून माहीत असेल तर ती बाजू खाली करून कुशीवर ठेवा, म्हणजे चांगल्या बाजूत रक्त उतरत नाही.

मृणाल : आज एक्स-रे झाला. उजवीकडे वरच्या भागात जुना व्रण दिसतोय, डॉक्टर म्हणाले आधीचा एक्स-रे असता तर ताडून पाहता आलं असतं. बेडका टीबीच्या सीबीनॅट तपासणीला पाठवलाय, रिपोर्ट यायचाय. तो स्वच्छ आला तरी सीटी स्कॅन करायचा म्हणाले. रेघ आज दिसली नाही, पण तपासणी थांबवू नका असं सांगितलंय. सासूबाई आता जुन्या ट्रंकेत ते कागद शोधतायत.