रेशमी अभ्र्याचा उपयोग आणि टिकाऊपणा

«रेशमी किंवा सॅटिनच्या अभ्र्याने केस-त्वचेला खरेच फायदा होतो का, आणि तो टिकतो किती?»

घर्षण कमी झाल्याने केसांचा गुंता आणि तुटणे कमी होते, विशेषतः कुरळ्या केसांत, आणि हा लाभ स्वस्त पॉलिएस्टर सॅटिनही देते. सुरकुत्या टळतात हा दावा मात्र मला जाहिरातीचाच वाटतो. टिकाऊपणाचे म्हणाल तर रेशीम हे प्रथिन असल्यामुळे, डाग काढण्यासाठी प्रथिने तोडणारे प्रोटीएझ विकर, म्हणजे एन्झाइम, घातलेली नेहमीची धुण्याची पावडर त्याचे तंतूच कुरतडते. चकाकी जाऊन कापड खरखरीत लागू लागले आणि शिवणीजवळ विरले, तर त्याचे एक कारण हे असू शकते. म्हणून विकररहित सौम्य द्रावण, थंड पाणी आणि सावलीतील वाळवण आवश्यक आहे. पॉलिएस्टर धुण्यास सोपे, पण त्याचे धागे नखांत अडकून ओढले जातात आणि उन्हाळ्यात ते घामट वाटते.