मदत हवी आहे: लेटर ऑफ इंटेंटमधली नफावाटपाची ओळ ठेवावी का?

मंडळी, अंबडला आमचं छोटं सीएनसी युनिट आहे. सातपूरच्या एका पावडर कोटिंगवाल्यांसोबत मिळून पंपाच्या ब्रॅकेटची ऑर्डर घ्यायचा विचार आहे, त्यासाठी लेटर ऑफ इंटेंट लिहितोय. कामाची विभागणी सरळ आहे. कच्चा माल, मशिनिंग आणि गिऱ्हाइकाला बिल आमच्याकडून. कोटिंग, थराच्या जाडीची तपासणी आणि पॅकिंग त्यांच्याकडे.

अडलंय ते पुढे. शेवटी 'हे पत्र बंधनकारक नाही' असं आहे, पण वर 'दोन्ही भागीदार नफा ६०:४० वाटून घेतील' अशीही ओळ आहे. उद्या एकत्र काम सुरू झालं आणि वाद झाला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली ही भागीदारीच होती असं कोणी म्हणू शकतं. मग या कामापोटी त्यांनी केलेली देणी आमच्याही गळ्यात. म्हणून ती ओळ काढून 'कोटिंगचा दर प्रति नग, जॉबवर्क म्हणून ठरवण्याचा इरादा आहे' असं करावं म्हणतो. पुरेल का?

दुसरं, व्यवहार फिसकटला तरी आमची ड्रॉइंग्ज बाहेर जाता कामा नयेत. 'गोपनीयतेचं कलम वगळता बाकी काहीही बंधनकारक नाही' एवढं याच पत्रात चालेल, की वेगळा गोपनीयता करार करून घ्यावा? कोणी असं पत्र केलं असेल तर शब्दरचना सांगा.