प्रिंटर बसवायला कुठलं वापरू?

> बाबांच्या विंडोज पीसीवर इथून प्रिंटर बसवायचाय. रिमोट डेस्कटॉप, स्क्रीन शेअर, टर्मिनल यात फरक काय?

तुम्हाला स्क्रीन शेअरवालं लागेल. विंडोजचं Quick Assist हे अ‍ॅप उघडा, तुमच्याकडे कोड येईल तो बाबांना फोनवर सांगा, त्यांनी तो त्यांच्याकडच्या Quick Assist मध्ये टाकून परवानगी दिली की त्यांचा स्क्रीन दिसायला लागतो, पण नुसता दिसतो हं, माऊस हलवायला कंट्रोल वेगळा मागावा लागतो आणि तो बाबांनीच द्यायचा. ड्रायव्हर टाकताना विंडोज परवानगी विचारतं तेव्हा तुमच्याकडे स्क्रीन काळा होऊ शकतो, कनेक्शन तुटलेलं नसतं, बाबांना तिकडे Yes दाबायला सांगा. म्हणजे तिथे माणूस बसलेला पाहिजेच.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये तुम्ही स्वतः पासवर्ड टाकून लॉगिन करता, कुणी बसायची गरज नाही, पण बाबांचा स्क्रीन लॉक होतो, त्यांना काहीच दिसत नाही. आणि विंडोज होम असेल तर त्या पीसीवर असं बाहेरून येताच येत नाही, प्रो लागतं.

टर्मिनलमध्ये चित्रच नाही. `ssh` या कमांडने दूरच्या कॉम्प्युटरच्या आत गेलात की नुसत्या कमांड टाईप करायच्या, उत्तर अक्षरांत येतं, त्यामुळे अगदी रडक्या नेटवरही चालतं. लिनक्स सर्व्हरसाठी मस्त, प्रिंटरसाठी उगाच डोकेदुखी.