उ: एरर कोड शोधता येत नाही

> स्क्रीनशॉटमधला एरर लेन्सने कॉपी करून ठेवते, पण नंतर शोधला की काहीच सापडत नाही.

वाक्यं सहसा बरोबर उतरतात, घोळ कोडात होतो. प्ले स्टोअरचा हा कोड बघा, खाली त्याची बिघडलेली नक्कल:

```
DF-DFERH-01
DF -DFERH-O1
```

शेवटी शून्याचा ओ झालाय, हे पटकन दिसतं. पण पहिल्या रेघेआधी घुसलेली मोकळी जागा जास्त घातक. गूगल त्याचा अर्थ ‘पुढचा शब्द वगळा’ असा घेतं! म्हणून स्क्रीनशॉट मोठा करून कोड हातानेच टाइप करा आणि शोधताना अवतरणचिन्हांत टाका.

0x ने सुरू होणारा कोड असेल तर पुढे फक्त 0 ते 9 आणि A ते F येतात, त्यामुळे ओ दिसला की तो शून्यच. 8 आणि B मात्र दोन्ही चालतात; तिथे डोळ्यांनीच ताडून बघावं लागतं.