मदत हवी आहे: माझा इंट्रोसॉर्ट दर वेळी हीप सॉर्टवरच का जातोय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. शिकण्यासाठी म्हणून C++ मध्ये स्वतःचा इंट्रोसॉर्ट लिहिला आहे. क्विकसॉर्टने सुरुवात, खोलीची मर्यादा `2 * floor(log2(n))`, ती शून्यावर आली की उरलेल्या तुकड्यावर हीप सॉर्ट, आणि 16 किंवा कमी घटक उरले की इन्सर्शन सॉर्ट. पिव्होट म्हणून पहिला, मधला आणि शेवटचा यांतला मधल्या किमतीचा घटक घेतो आणि तो `a[hi]` वर नेऊन ठेवतो.

10 लाख वेगवेगळे आकडे पिसून दिले तर सगळं छान चालतं. हीप सॉर्ट जवळजवळ लागतच नाही, लागलाच तर एखाद्या इवल्याशा तुकड्यावर. मग मी 10 लाख विद्यार्थ्यांचे गुण असल्यासारखा डेटा बनवला, 0 ते 100 मधले यादृच्छिक पूर्णांक. उत्तर बरोबर येतं, पण `std::sort` च्या तुलनेत स्पष्ट मागे पडतो. तुलनांचा मोजणारा लावला तर वेगवेगळ्या आकड्यांच्या वेळेपेक्षा जवळजवळ दुप्पट तुलना. हीप सॉर्टच्या तोंडाशीही एक मोजणारा बसवला. तो 101 वेळा चालला, आणि एकूण 9 लाख 97 हजारांच्या आसपास घटक त्याच्याकडे गेले. म्हणजे क्विकसॉर्टने केलं तरी काय?

पार्टिशन असं आहे:

```cpp
int p = a[hi], i = lo;
for (int j = lo; j < hi; j++)
    if (a[j] < p) swap(a[i++], a[j]);
swap(a[i], a[hi]);
return i;
```

मर्यादा फार कमी ठेवली आहे का? दोन दिवस यातच अडकलोय.

रात्रपाळी

हो, मर्यादाच कमी पडतेय. 10 लाखांना `log2` चा पूर्णांक 19, म्हणजे तुमची मर्यादा 38. ती `4 * log2(n)` करून बघा. शिवाय तीनातला मधला हा पिव्होट फसवता येतो. मसर यांनी 1997 च्या लेखात इंट्रोसॉर्ट मांडला तो याच कारणासाठी. तीनातल्या मधल्याला मुद्दाम फसवणारी 1 लाख घटकांची मांडणी दिली, तर इंट्रोसॉर्ट 32 पार्टिशननंतर हीप सॉर्टवर जातो आणि साध्या क्विकसॉर्टच्या दोनशेव्या भागाहून कमी वेळात काम संपवतो. तुमच्या डेटातही असंच काहीतरी घडत असणार. पिव्होट यादृच्छिक निवडा, प्रश्न सुटेल.

मोजपट्टी

एक विचारू का? गुण 0 ते 100 च आहेत तर एवढा खटाटोप कशाला? 101 खाने करा, प्रत्येक गुण किती वेळा आला ते मोजा आणि ओळीने लिहून काढा. एका फेरीत काम तमाम. आमच्या क्लासच्या निकालाला मी हेच करते.

कृष्णाकाठ

@मोजपट्टी ताई, गुणांसाठी ते बरोबरच आहे. पण मला कुठल्याही प्रकारच्या नोंदी लावणारं फंक्शन हवंय. गुण हा फक्त चाचणीचा डेटा आहे, उद्या त्यात आडनावं येतील.

@रात्रपाळी, दोन्ही करून पाहिलं. यादृच्छिक पिव्होटने काहीच बदललं नाही, हीप सॉर्ट पुन्हा 101 वेळा. आणि `4 * log2(n)` केल्यावर तर तुलना आणखी वाढल्या! हे मला अजिबात कळलं नाही.

घाटमाथा

तुमचा 101 हा आकडाच सगळं सांगतोय. 0 ते 100 मिळून वेगवेगळ्या किमती किती? 101. म्हणजे हीप सॉर्ट प्रत्येक गुणासाठी बरोब्बर एकदा चालतोय. पस्तीस गुणवाल्यांचा एक गठ्ठा, छत्तीसवाल्यांचा दुसरा, असे साधारण 9,900 जणांचे गठ्ठे.

सोपं उदाहरण घेऊ. दहाच्या दहा लाख जणांना 35 गुण आहेत. तुमच्या पार्टिशनमध्ये `a[j] < p` एकदाही खरं होत नाही, `i` आहे तिथेच राहतो. डावीकडे काही नाही, उजवीकडे 9,99,999. दहा लाख तुलना करून एक घटक बाजूला पडला. पुढच्या फेरीत पुन्हा एक. अशा 38 फेऱ्या झाल्या की मर्यादा संपते आणि 9,99,962 घटक हीप सॉर्टकडे जातात. पिव्होट यादृच्छिक निवडून उपयोग नाही, कारण निवडायला सगळे 35 च आहेत. मसरांच्या लेखातली फसवी मांडणी वेगळी. तिथे पिव्होट वाईट निवडला जातो. इथे पिव्होटचा काही दोष नाही, समान घटकांची वाटणी एकतर्फी होतेय.

आता तुलना मोजू. या 38 फेऱ्यांत सुमारे 3 कोटी 80 लाख तुलना झाल्या. हीप सॉर्टला किती लागल्या? तुमचा हीप सॉर्ट पुस्तकी पद्धतीचा असेल, म्हणजे घटक खाली सरकवताना मोठं मूल सापडलं नाही की लगेच थांबणारा, तर सगळे समान असताना तो पहिल्याच पायरीला थांबतो. हीप बांधायला 10 लाख, एकेक घटक काढायला 20 लाख, एकूण 30 लाखांच्या आसपास. तुम्ही हीप सॉर्टकडे बोट दाखवताय, पण तुलनांचा दहातला एक भागही त्याचा नाही. वेळ खाल्लाय त्याच्या आधीच्या वाया गेलेल्या फेऱ्यांनी. मर्यादा दुप्पट केल्यावर त्या फेऱ्या 38 च्या 76 झाल्या, म्हणून तुलना वाढल्या. उलट मर्यादा कमी केली असती तर याच डेटावर तुमचा कोड जोरात पळाला असता.

गुणांच्या डेटातही हेच. पहिल्या आठ-दहा पातळ्यांत गुण एकमेकांपासून सुटे होतात. उरलेल्या अठ्ठावीस-तीस पातळ्या प्रत्येक गठ्ठा एकेक दाणा सोलत बसतो.

उपाय म्हणजे समान घटकाशी दोन्ही बाजूंनी थांबायचं आणि अदलाबदल करायची:

```cpp
int p = a[lo], i = lo - 1, j = hi + 1;
while (true) {
    do i++; while (a[i] < p);
    do j--; while (p < a[j]);
    if (i >= j) return j;
    swap(a[i], a[j]);
}
```

35 ची 35 शी अदलाबदल निरर्थक वाटते, पण तिच्यामुळेच `i` आणि `j` बरोबर मध्यावर भेटतात. तीनातला मधला घटक आता `a[lo]` वर ठेवा. पुढचे तुकडे `lo..j` आणि `j+1..hi`. इथे `j` वरचा घटक पिव्होट असेलच असं नाही, म्हणून तो वगळू नका. जुन्या कोडची सवय असली की हटकून इथेच चूक होते. दोन्ही तुलनांमध्ये `<` च हवं, `<=` नको.

डोंबिवली_लोकल

`<=` वरून माझंच प्रकरण आठवलं. मी स्वतःचा सॉर्ट लिहिला नव्हता, `std::sort` ला तुलनेचं फंक्शन दिलं होतं आणि त्यात `a.rakkam <= b.rakkam` लिहून बसलो. चाचणीत दहा-बारा पावत्या, सगळं सुरळीत. खऱ्या डेटावर प्रोग्रॅम मधूनच कोसळायचा, तोही रोज नाही. आठवडाभर मेमरीवर संशय घेत होतो. GCC च्या लायब्ररीत हा सॉर्ट इंट्रोसॉर्टच आहे ना? मग 16 पर्यंत का चालायचं?

घाटमाथा

कारण तिथेही उंबरठा 16 च आहे. 16 पर्यंत थेट इन्सर्शन सॉर्ट होतो. तो प्रत्येक घटक आधी पहिल्या घटकाशी ताडून बघतो, म्हणून `<=` असलं तरी हद्दीबाहेर जात नाही. 17 वा घटक आला की पार्टिशन सुरू. तिथला डावा काटा “पिव्होटपेक्षा लहान आहे तोवर पुढे” एवढंच बघतो, हद्द तपासत नाही. समान घटक आपल्याला अडवेल असा त्याचा भरवसा असतो. `<=` दिलं की समान घटकही त्याला “लहान” वाटतो आणि तो रांगेच्या बाहेर चालत जातो. बाहेरच्या मेमरीत काय पडलंय त्यावर कोसळणं अवलंबून, म्हणून रोज व्हायचं नाही. सगळ्या पावत्या एकाच रकमेच्या, अशा 17 घेऊन हद्द तपासणाऱ्या साधनाखाली चालवा, लगेच पकडला जाईल.

कृष्णाकाठ

केलं! हीप सॉर्टचा आकडा शून्य. सगळे 35 असलेल्या डेटावर आता 16 पातळ्या होतात, तुलना 1 कोटी 60 लाखांच्या जवळ. वहीत मांडूनही पाहिलं: 10 लाखांचे सोळा वेळा अर्धे केले की 15-16 घटक उरतात आणि तिथे इन्सर्शन सॉर्ट सुरू होतो. घाटमाथा सर, मनापासून आभार.

एक गोष्ट मात्र लागून राहिली. पार्टिशन इतकं बिघडलेलं असूनही माझी एकही चाचणी नापास झाली नाही, कारण मागून हीप सॉर्ट येऊन बरोबर क्रम लावून द्यायचा. मोजणारा लावला नसता तर कळलंच नसतं. आता तो कायमचा ठेवलाय, आणि चाचणीत अटही घातली आहे की समान घटकांच्या डेटावर हीप सॉर्ट एकदाही चालता कामा नये.

रात्रपाळी

माझा सल्ला चुकीचा ठरला, मान्य. समान घटकांचा विचारच केला नव्हता. पण मग एक पाऊल पुढे का जाऊ नये? तीन भाग करा: लहान, समान, मोठे. समानांचा भाग पुन्हा उघडायचाच नाही. सगळे 35 असतील तर एका फेरीत काम संपतं, 16 पातळ्या कशाला?

घाटमाथा

गुणांच्या डेटावर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण तीन भाग करताना एका घटकामागे बऱ्याचदा दोन तुलना होतात, लहान आहे का आणि नसेल तर मोठा आहे का. सगळे आकडे वेगवेगळे असतील तेव्हा हा खर्च फुकट जातो. पूर्णांकांना एक जादा तुलना जाणवत नाही, आडनावांना जाणवेल. मी सरसकट तीन भाग करणार नाही.

रात्रपाळी

पण अक्षरांची तुलना एकदा केली की लहान, समान, मोठं हे तिन्ही एकाच वेळी कळतं. `compare()` ऋण, शून्य किंवा धन देतं. मग दुसरी तुलना कुठून आली?

घाटमाथा

तुलनेचं फंक्शन असं तीन उत्तरं देणारं असेल तर तुमचा मुद्दा बरोबर. कृष्णाकाठ यांचं फंक्शन `std::sort` सारखं फक्त हो किंवा नाही घेतं, तिथे तो लागू पडत नाही. शिवाय आडनावं पुन्हा पुन्हा येणारच, तो फायदा तुमच्या बाजूचा. कुठलं पारडं जड होईल ते डेटा बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

कृष्णाकाठ

आडनावांची यादी बनवतोय, एक पुष्कळ पुनरावृत्तीची आणि एक अजिबात नसलेली. दोन्ही पार्टिशन दोन्ही याद्यांवर चालवून तुलना आणि वेळ इथेच टाकतो. रविवारपर्यंत होईल.