पर्ज टायमर कमी केला तर चालेल का?

"बॉयलरचा बर्नर दोनदा ट्रिप झाला. रीसेट करून लगेच लावायचा तर प्रत्येक वेळी पर्जला पावणेतीन मिनिटं जातात. टायमर ३० सेकंदांवर आणला तर?"

नको. पर्ज म्हणजे पेटवण्याआधी फॅनच्या हवेने भट्टीत साचलेला वायू बाहेर काढणं. त्याच्या टायमरचा आकडा भट्टीच्या आकारमानावरून येतो. बॉयलर वॉटरट्यूब, म्हणजे नळ्यांत पाणी असलेला, आणि बर्नर एकच असेल तर एनएफपीए ८५ या अमेरिकी मानकाप्रमाणे पूर्ण हवेच्या किमान ७० टक्के प्रवाहाने आठ वेळा हवा बदलावी लागते. भट्टी आणि धुराचे मार्ग मिळून २० घनमीटर, फॅन तासाला ५००० घनमीटर धरा. ७० टक्के म्हणजे ३५००, आणि १६० घनमीटर हवा जायला १६५ सेकंद लागतात. ३० सेकंदांत दीड वेळासुद्धा हवा बदलत नाही.

आता ट्रिपकडे बघा. लो फायरला, म्हणजे बर्नरच्या सर्वांत कमी ज्योतीला, तासाला १०० घनमीटर नैसर्गिक वायू जात असेल आणि ज्योत न धरता १० सेकंद वाल्व उघडा राहिला, तर ०.२८ घनमीटर वायू आत साचतो. हवेत ५ टक्के झाला की तो पेटतो, म्हणजे साडेपाच घनमीटर स्फोटक मिश्रण तयार होऊ शकतं. पूर्ण भट्टी भरायची गरजच नाही. वरच्या कोपऱ्यात, वळणाआड एक खिसा राहिला तरी पुढची ठिणगी पुरते. तेल असेल तर गरम विटांवर सांडलेलं तेल वाफ देतच राहतं, तिथे आधी ते पुसून काढा.

डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, खरंच उघडतो का तेही तपासा. एअर प्रेशर स्विच फक्त दाब दाखवतो. पुढचा डॅम्पर अर्धवट अडकला तरी तो खूश असतो. टायमर डॅम्परच्या लिमिट स्विचनंतरच सुरू झाला पाहिजे.

दोनदा ट्रिप झाल्यावर तिसरा रीसेट नकोच. आधी पायलट, फ्लेम स्कॅनरची काच आणि शटऑफ वाल्वची गळती बघा.