सुई टोचल्याच्या रिपोर्टमध्ये रुग्णाचं नाव आणि निदान लिहायचं का?

नाईट_ड्यूटी_संपली
आमचं शंभरेक खाटांचं रुग्णालय आहे आणि संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे आहे. कुणाला सुई टोचली की भरायच्या इन्सिडंट रिपोर्टमध्ये रुग्णाचं नाव, वय, व्यवसाय, निदान आणि 'एचआयव्ही: हो/नाही' असे रकाने आहेत. परवाच्या घटनेत मी ते कोरे ठेवले, तर क्वालिटीच्या सरांनी 'अपूर्ण' असा शेरा मारून फॉर्म परत पाठवला. काय लिहावं आणि काय गाळावं? टोचलेल्या सिस्टरचं नाव तरी लिहायचं ना?

फाईलवाला
मी दुसऱ्या एका रुग्णालयात क्वालिटीचंच काम करतो, म्हणून तुमच्या सरांची बाजू मांडतो. अर्धवट रिपोर्टवर मूळ कारण शोधता येत नाही. रुग्ण कोण, आजार काय, तो शुद्धीत होता की नाही, हे कळलं नाही तर मी कमिटीपुढे काय ठेवू? रिपोर्ट हा रुग्णालयाचा अंतर्गत कागद आहे, वर्तमानपत्रात छापायला देत नाही आपण. रकाने छापलेत ते भरण्यासाठीच.

मुक्ता_एस
कायद्यानं रुग्णाचं नाव कुठल्याच कागदावर लिहायला बंदी आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा वाचा. फॉर्मच फाडून टाका.

जुनी_इन्चार्ज
मुक्ता, फाडू नका. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, पण नाव लिहायला तो बंदी करत नाही. केसपेपरवर नाव असणारच. माणसाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करू नका, असं तो सांगतो. उपचार करणाऱ्यांनी आपापसांत सांगायला मुभा आहे, तीही त्या रुग्णाच्या उपचारासाठी गरज असेल तेव्हा. इन्सिडंट रिपोर्ट त्याच्या उपचाराचा कागद नाही.

आणि फाईलवाले, 'अंतर्गत' म्हणजे किती जण ते मोजा. वॉर्ड इन्चार्ज, मेट्रन, क्वालिटी सेल, कमिटीतले सगळे, फायली लावणारा क्लार्क, शिवाय तपासणीला येणारे बाहेरचे लोक. यातल्या एकालाही सुई का टोचली हे समजायला रुग्णाचा व्यवसाय लागत नाही. शुद्धीत होता का, हात झटकत होता का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तो घटनेचा भाग आहे, म्हणून लिहा. नाव न घालताही लिहिता येतो.

ब्रदर_आयसीयू
रागावू नका, पण हे सगळं रुग्णाच्या बाजूनं चाललंय. सुई आमच्या बोटात जाते. समोरचा पॉझिटिव्ह आहे की नाही हे कळायचा हक्क आम्हाला नाही का? मला टोचली होती तेव्हा दोन दिवस कुणी काही सांगेना. घरी बायकोला काय सांगू हेच समजत नव्हतं.

जुनी_इन्चार्ज
ते दोन दिवस वाईटच असतात. पण तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्रोत रुग्णाबद्दल कळणं आणि रिपोर्टमध्ये ते छापलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीईपी, म्हणजे सुई टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, त्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. म्हणून रुग्णाचा अहवाल येईपर्यंत थांबायचंच नसतं, आधी गोळी आणि मग चौकशी. त्या गोळीचा रिपोर्टच्या रकान्याशी काही संबंध नाही.

शिवाय सगळे एचआयव्हीचंच विचारतात. रक्तानं भरलेल्या सुईतून त्याचा धोका हजारात तीनच्या आसपास आहे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शेकडा तीसपर्यंत जातो. तुमची बीची लस पूर्ण झाली होती का, हे कुणी विचारलं होतं?

ब्रदर_आयसीयू
नाही विचारलं. दोन डोस झाले होते, तिसरा राहिला होता. नंतर घेतला.

शाळेतल्या_बाई
विषय थोडा वेगळा आहे, पण आमच्याकडेही हेच होतं. मूल पडलं, हात मोडला, तर नोंदवहीत 'आईवडील विभक्त, मूल चंचल' असं लिहून ठेवलं होतं. घसरगुंडीची पायरी निखळली होती हे कुठेच नाही. रुग्णालयातही असंच होतं का?

जुनी_इन्चार्ज
बाई, अगदी असंच होतं. आमच्याकडे आलेला एक रिपोर्ट ओळख पुसून सांगते. लिहिलं होतं: 'बेड ४ वरील रुग्ण, वय ४२, ट्रकचालक, एचआयव्ही पॉझिटिव्ह, पत्नी माहेरी राहते. रक्त घेताना रुग्णाने हात हलवल्याने सिस्टरच्या बोटात सुई गेली. सिस्टर घाबरल्या होत्या.' सगळे रकाने भरलेले, म्हणजे फॉर्म 'पूर्ण'. आणि माणसाचं नाव नसलं तरी वॉर्डातल्या मावशींनाही कळेल की हा कोण.

सिस्टरशी शांतपणे बोलल्यावर वेगळंच निघालं. रक्त घेऊन झालं होतं. सुईला टोपण परत लावताना ती बोटात गेली. टोपण का लावत होती, तर सुया टाकायचा पांढरा डबा काठोकाठ भरला होता, खरं तर तो पाऊण भरला की बंद करायचा असतो. नवा डबा स्टोअरमध्ये होता आणि रात्री स्टोअरला कुलूप. मग आम्ही असं लिहिलं: 'रात्री २:४० च्या सुमारास, पुरुष वॉर्ड. शिरेतून रक्त घेतल्यानंतर सुईला टोपण लावताना डाव्या तर्जनीत सुई गेली. २१ नंबरची पोकळ सुई, आत रक्त दिसत होते, हातात ग्लोव्ह होता. जखम साबण-पाण्याने धुतली, पिळली नाही. २:५५ ला ड्यूटी डॉक्टरांना कळवले. सुयांचा डबा भरलेला होता, पर्यायी डबा कुलपात. स्रोत रुग्ण आणि कर्मचारी यांची वैद्यकीय माहिती स्वतंत्र वहीत, नोंद क्रमांक अमुक.'

पुढच्या आठवड्यापासून वॉर्डात जास्तीचा डबा राहू लागला. ट्रकचालक आणि माहेरी गेलेली बायको यांतून कुठलीच सुधारणा निघाली नसती. उलट 'रुग्णाने हात हलवला' यावर सगळ्यांचं समाधान झालं असतं आणि डब्यापर्यंत कुणी पोचलंच नसतं.

फाईलवाला
डब्याचा मुद्दा मान्य. तरी तडजोड सुचवतो. पॉझिटिव्ह असेल तेव्हा 'गोपनीय' लिहा, निगेटिव्ह असेल तर तसं सरळ लिहा. निगेटिव्हमध्ये लपवण्यासारखं काय आहे?

पॅथॉलॉजीतला_राजू
मग 'गोपनीय' म्हणजेच पॉझिटिव्ह, हे दुसऱ्या दिवशी अख्ख्या लॅबला कळेल. आमच्याकडे लाल स्टिकरचं असंच झालं होतं. नाव नव्हतं, फक्त स्टिकर होता.

जुनी_इन्चार्ज
राजूनं नेमकं धरलं. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, तपासणीला नकार, बेशुद्ध, सगळ्यांसाठी एकच ओळ हवी. 'माहिती स्वतंत्र वहीत', बस.

हीच गळती आणखी एका ठिकाणाहून होते आणि ती चटकन लक्षात येत नाही. पाठपुराव्याच्या रकान्यात लोक लिहितात, 'पीईपी २८ दिवस पूर्ण' किंवा 'पीईपी तिसऱ्या दिवशी थांबवली'. थांबवली म्हणजे बहुधा रुग्ण निगेटिव्ह निघाला. पूर्ण केली तर लोक पॉझिटिव्हच धरतात, मग खरं काहीही असो. म्हणून रिपोर्टमध्ये 'वैद्यकीय पाठपुरावा सुरू केला' एवढंच लिहायचं. किती दिवस, कोणती गोळी, हे त्या वहीत.

नाईट_ड्यूटी_संपली
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना आहे. आणि सिस्टरच्या नावाचं? आमच्या फॉर्मवर तिची पाळीची तारीख आणि गरोदर आहे का हेही विचारलंय.

जुनी_इन्चार्ज
गरोदरपण डॉक्टरांना कळायला हवं, मेट्रनना रिपोर्टमधून नव्हे. तिचे पहिल्या दिवसाचे रक्ताचे अहवालही रिपोर्टला जोडू नका. ती तपासणी तिच्या संरक्षणासाठी असते. समजा त्यात जुनाच एखादा संसर्ग सापडला, तर तो या सुईतून आलेला नसतो, पण फाईल उघडणाऱ्या प्रत्येकाला कळतो.

नाव मात्र एका प्रतीवर राहिलंच पाहिजे. सहा आठवड्यांनी किंवा तीन महिन्यांनी अहवाल बदलला, तर भरपाई मागताना 'अमुक दिवशी, ड्यूटीवर, मला सुई टोचली' हे तिला दाखवावं लागेल. ती प्रत तिच्या फाईलला आणि एक झेरॉक्स तिच्या हातात. कमिटीपुढे जाते त्या प्रतीत नाव नको. 'स्टाफ नर्स, रात्रपाळी' पुरे.

ब्रदर_आयसीयू
पुरे कसं? आमच्या आयसीयूत रात्री दोघंच असतो. तारीख आणि 'रात्रपाळी' वाचली की ड्यूटीचा तक्ता काढायचा, झालं. मागे एकाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, 'तूच का रे तो टोपण लावणारा?' तेव्हापासून आमच्याकडे निम्म्या सुया कागदावर येतच नाहीत.

मुक्ता_एस
मग तारीख काढून फक्त महिना लिहा.

फाईलवाला
महिना लिहून कसं चालेल? डबा शेवटचा कधी बदलला हे तारखेशी ताडून बघावं लागतं. मी मघापासून हेच म्हणतोय, प्रत्येक गोष्ट पुसत गेलात की चौकशी संपली.

जुनी_इन्चार्ज
इथे फाईलवाल्यांचं बरोबर आहे. चौकशी करणाऱ्या दोघातिघांकडे तारीख आणि वेळ पूर्ण हवी. सगळ्या कमिटीसमोर तीन महिन्यांच्या घटना एकत्र मांडा आणि तिथे फक्त पाळी आणि काम लिहा: टोपण लावताना, डबा भरलेला असताना, पिवळ्या पिशवीत सुई निघाल्यावर. पण दोघांच्या आयसीयूत हेही अपुरं पडतं. त्यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही. भर मीटिंगमध्ये 'तूच का' विचारणाऱ्याला कुठलाच फॉर्म अडवत नाही.

पॅथॉलॉजीतला_राजू
सफाईच्या मावशींचं काय? पिशवीतून टोचलं तर रुग्णच माहीत नसतो. आमच्याकडे तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांची यादी रिपोर्टला जोडली होती.

जुनी_इन्चार्ज
अरे देवा. स्रोत 'अज्ञात' लिहायचं, आणि पिशवी कुठल्या वॉर्डाची, किती वाजता उचलली, सुई त्या पिशवीत कशी आली, हे लिहायचं. यादी काढून टाकायला सांगा.

नाईट_ड्यूटी_संपली
जुन्या फॉर्मांचं काय करू? नावनिदानासकट दोन फायली उघड्या कपाटात आहेत. काहींचे फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आहेत, मागे रुग्णाच्या हातावरचा पट्टा दिसतोय.

जुनी_इन्चार्ज
फायली फाडू नका, एखाद्या सिस्टरचा तोच एकमेव पुरावा असेल. कुलपात ठेवा, किल्ली कुणाकडे ते अधीक्षकांकडून लेखी घ्या. फोटो मात्र आजच काढायला लावा, आणि प्रत्येकाच्या फोनच्या गॅलरीतूनही. पुढे फोटो लागलाच तर डब्याचा काढा, कॉटचा नको.

फाईलवाला
ग्रुपचं आमच्याकडेही बघतो आज. पण कोरा रकाना मला अजून पटलेला नाही. कोरा म्हणजे विसरले की मुद्दाम ठेवला, कळत नाही. तो रकानाच काढून तिथे 'माहिती स्वतंत्र वहीत, नोंद क्रमांक' असं छापून घ्या, तुमचे सर सही करतील.